शुक्रवार रात्री आठ म्हणजे आठच

नमस्कार मंडळी, नागपुरातून बोलतेय. मी ऑनलाइन योग शिकवते. पण आज आसन सांगत नाही, वर्कशॉपच्या फोटोखाली आपण जो मजकूर टाकतो नं, ते कॅप्शन, त्याची गोष्ट सांगते.

माझं पहिलं कॅप्शन होतं, ‘निरोगी आयुष्याकडे पहिलं पाऊल, त्वरा करा, उद्या शेवटचा दिवस’. आता गंमत बघा, ते मी टाकलं बुधवारी, कुणाला दिसलं शनिवारी, कुणी फॅमिली ग्रुपवर ढकललं रविवारी, आणि सोमवारी सकाळी वर्ग सुरू झाल्यावर एक ताई फोनवर विचारून राहिल्या, ‘उद्या शेवटचा दिवस आहे नं जी?’ चूक त्यांची नव्हतीच. ‘उद्या’ हा शब्द फॉरवर्ड झाला की त्याला अर्थच राहत नाही. तेव्हापासून मी वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहिते. नुसती तारीख लिहिली तर लोक रात्री बारापर्यंत धरतात, म्हणून वेळही हवीच.

आणि शेवटची तारीख लोकांना घाई करायला नाही हो ठेवत मी. वर्ग सोमवारी, नोंदणी शुक्रवारी बंद, मधले दोन दिवस मला फोन करायला लागतात. बीपी आहे का, काचबिंदू आहे का, मणक्याची गादी सरकली आहे का, दिवस गेलेत का, एवढ्यात ऑपरेशन झालं का, हे एकेकाला विचारावं लागतं. समोर असते तर मी हात लावून थांबवलं असतं, स्क्रीनमधून कसं थांबवणार? काचबिंदूवाल्यांना डोकं खाली जाणारी आसनं मी देतच नाही, आणि हे मला वर्ग चालू असताना कळून काय उपयोग.

आता एक प्रसंग. मिहानमध्ये काम करणारे एक दादा होते, दिवसभर खुर्चीत. पाय पसरून पुढे वाकायचं होतं, त्यांनी पायाची बोटं धरायच्या नादात पाठीची पार कमान करून टाकली. फोन ठेवला होता तांब्याला टेकवून, त्यामुळे मला दिसत काय होतं, तर कपाळ आणि वरचा पंखा! दुसऱ्या दिवशी म्हणाले कंबर धरली. बसून बसून मांडीच्या मागच्या शिरा आखडतात, मग माणूस कमरेतून वाकतो. खरं तर गुडघे थोडे दुमडायचे, पाठ सरळ ठेवायची आणि खुब्यातून पुढे झुकायचं, बोटं हाताला लागली नाही तरी चालतं. ओढ मांडीच्या मागे जाणवली तर बरोबर, कमरेत जाणवली तर तिथंच थांबा आणि मागे या.

त्यानंतर मी कॅप्शनमध्ये दोन गोष्टी घातल्या. एक, फोन बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, अख्खी चटई दिसेल असा ठेवा. दुसरी, खाली बसता येत नसेल तर साधी चार पायांची खुर्ची घ्या. ऑफिसची चाकाची नाही बाप्पा, ती सटकते.

आणखी एक, मोबाइलवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘अधिक’ दाबल्यावर. म्हणून निरोगी आयुष्य वगैरे मी काढून टाकलं, कामाचं वर आणलं. आता असं लिहिते, वाचून दाखवते:

‘कधीच योग केला नाही? ऑफिसमुळे वेळ नाही? सोमवार 15 जून ते शुक्रवार 19 जून, सकाळी 6.15 ते 6.50, घरूनच. नोंदणी शुक्रवार 12 जून, रात्री 8 पर्यंत. चटई किंवा जाड सतरंजी, साधी खुर्ची, एवढंच लागेल. पोट रिकामं हवं, तर्री पोहे नंतर. फोन बाजूला ठेवा, चटई पूर्ण दिसू द्या. बीपी, काचबिंदू, मणक्याचा त्रास, गरोदरपण किंवा नुकतंच ऑपरेशन असेल तर नाव देतानाच सांगा. लिंक प्रोफाइलमध्ये आहे.’

35 मिनिटं का, तर आधी मी फुकटच्या मीटिंग खात्यावर घ्यायची, ते चाळीसाव्या मिनिटाला बंद पडायचं, आणि नेमकं शवासनात! सगळे डोळे मिटून पडलेले, आवाज गेला, कुणाला पत्ताच नाही, एक काका तर तसेच झोपून गेले म्हणे. आता पैसे भरून खातं घेतलंय तरी वेळ तीच ठेवली, सात वाजता डबा भरायला लागणाऱ्यांना ती सोयीची पडते.

लिंकचंही तसंच, इन्स्टाग्रामवर कॅप्शनमधली लिंक दाबली तर काही उघडत नाही, म्हणून ती प्रोफाइलमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना मात्र शेवटची ओळ काढून तिथं खरी लिंक टाकते.

मुदत मी एकदा वाढवली होती, सोमवार सकाळपर्यंत. पुढच्या वेळी कुणी शुक्रवारी नाव दिलंच नाही, सगळे रविवारी रात्री. विचारलं काहून, तर ‘तुम्ही वाढवताच नं’. आता आठ वाजून दहा मिनिटांनी फोन आला की नाव पुढच्या बॅचच्या वहीत. मागच्या शुक्रवारी असाच आला, माझ्या सख्ख्या नणंदेचा. वहीत लिहिलं.