फरशीचं गणित आणि घंटेचं गणित

नमस्कार श्रोतेहो. नवोदयच्या परीक्षेला बसणारी पोरं घरात असतील, तर त्यांना रेडिओजवळ बोलवा. हाती कागद-पेन्सिल असू द्या, कारण आज थोडी आकडेमोड आहे.

मसावि म्हणजे महत्तम सामाईक विभाजक आणि लसावि म्हणजे लघुतम सामाईक विभाज्य. हे दोन्ही काढता येतात, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की कोणता काढायचा ते कळत नाही. मग पोरं एक युक्ती पाठ करतात. उदाहरणात 'मोठ्यात मोठी' दिसलं की मसावि, 'कमीत कमी' दिसलं की लसावि. दुसरी युक्ती त्याहून सोपी: फरशी आली की मसावि, घंटा आली की लसावि. या दोन्ही युक्त्या कुठे तोंडघशी पाडतात ते बघू.

समजा, गावातल्या समाजमंदिराची खोली ६ मीटर ६० सेंटिमीटर लांब आणि ४ मीटर २० सेंटिमीटर रुंद आहे. एकही फरशी न कापता, सारख्या मापाच्या चौरस फरश्या बसवायच्या आहेत. कमीत कमी किती फरश्या लागतील?

'कमीत कमी' ऐकून पोरगा लसावि काढायला बसतो आणि उत्तर येतं ४६२०. म्हणजे सेहेचाळीस मीटरची एक फरशी! खोली साडेसहा मीटरची आणि फरशी सेहेचाळीस मीटरची. इथंच त्यानं थांबायला हवं, पण पाठ केलेली युक्ती त्याला थांबू देत नाही.

म्हणून प्रश्नातला शब्द न धरता एकच विचारा: कोण कोणाला भागतं? खोलीच्या लांबीत फरशी नेमकी पूर्ण वेळा बसली पाहिजे, रुंदीतही तशीच. म्हणजे फरशीच्या मापानं ६६० लाही भाग जायला हवा आणि ४२० लाही. आपण शोधतोय ती संख्या दिलेल्या संख्यांना भागते, म्हणून ती विभाजक. फरश्या कमीत कमी हव्यात, तर फरशी मोठ्यात मोठी हवी. म्हणून मसावि. मापं आधी सेंटिमीटरमध्ये करून घ्या. ६ आणि ४ चा वेगळा, ६० आणि २० चा वेगळा, असं करू नका.

आता हा मसावि अवयव न पाडता, जमिनीवरच काढू. डोळ्यांसमोर खोली आणा. तिच्यात बसेल असा मोठ्यात मोठा चौरस आखा, ४२० चा. लांबीच्या बाजूनं २४० उरले. उरलेला तुकडा ४२० बाय २४० चा. त्यात २४० चा चौरस आखा, १८० उरले. आता तुकडा २४० बाय १८०. त्यात १८० चा चौरस, उरले ६०. शेवटचा तुकडा १८० बाय ६०, त्यात ६० चे तीन चौरस बरोब्बर बसतात आणि काहीच उरत नाही. मसावि ६०.

हे का जमतं? जी फरशी ६६० मध्ये पूर्ण बसते आणि ४२० मध्येही पूर्ण बसते, ती दोघांतल्या फरकात, म्हणजे २४० मध्येही पूर्णच बसणार. फरक घेत घेत आपण लहान होत गेलो, पण फरशीला धक्का लागला नाही. आर्यभटानं इ.स. ४९९ च्या 'आर्यभटीय' ग्रंथात कुट्टकाची रीत दिली आहे, तिच्यातही हाच एकमेकांना भागत जाण्याचा क्रम आहे.

तर ६० सेंटिमीटरची फरशी. लांबीत ११, रुंदीत ७, एकूण ७७. ३० ची फरशीही कापावी लागत नाही, कारण ३० नं ६० ला भाग जातो, पण तिच्या ३०८ लागतील. ४० ची मात्र लांबीत साडेसोळा येते. तिथं कटर काढावाच लागतो.

मिस्त्रीला हे सांगाल तर तो हसेल. "गुरुजी, आपल्या इकडं खोली फुटात मोजतेत," म्हणेल. आणि ते खरं आहे. त्याची खोली २२ फूट बाय १४ फूट. मसावि २, म्हणजे दोन बाय दोनची फरशी, पुन्हा ११ गुणिले ७, ७७ च! पण बाजारात 'दोन बाय दोन' म्हणून जी मिळते ती बहुधा ६० सेंटिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१. अकरा फरश्यांत हा फरक वाढत जातो आणि भिंतीपाशी सुमारे दहा सेंटिमीटरची पट्टी उरते. सांध्यांनी त्यातले दोनेक सेंटिमीटर खाल्ले, तरी बाकीचं कापूनच भरावं लागतं. शिवाय जुन्या खोलीच्या भिंती कुठे काटकोनात असतात! म्हणून तो पाच-दहा टक्के माल जास्तीचा मागवतो. पुस्तकातली खोली मिस्त्रीला कधी मिळत नाही, हे पोरांनाही सांगून ठेवा.

आता दुसरी युक्ती, 'फरशी म्हणजे मसावि'. हे उदाहरण घ्या. ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद फरश्या आहेत. त्या न कापता, सगळ्या एकाच दिशेनं लावून लहानात लहान चौरस करायचा, तर किती लागतील? पुन्हा तेच विचारा. चौरसाच्या बाजूला ३० नंही भाग जायला हवा आणि २० नंही. इथं आपण शोधतोय ती संख्या भागली जाते, म्हणून लसावि, ६०. एका दिशेला २, दुसरीकडे ३, एकूण ६ फरश्या. उदाहरण फरशीचंच, पण उलटं झालं. उत्तर तपासायचं तर एवढं बघा: मसावि दिलेल्या सगळ्यांत लहान संख्येपेक्षा मोठा येत नाही आणि लसावि सगळ्यांत मोठ्या संख्येपेक्षा लहान येत नाही.

शेवटी घंटा. तीन घंटा अनुक्रमे १२, १५ आणि १८ मिनिटांनी वाजतात. सकाळी ९ ला तिन्ही एकत्र वाजल्या, तर पुन्हा एकत्र कधी? पहिली दर १२ मिनिटांनी वाजते, म्हणजे मधल्या वेळेला १२ नं भाग जायला हवा, तसाच १५ नं आणि १८ नं. लसावि. १२ आणि १५ चा ६०, मग ६० आणि १८ चा १८०. तीन तास, म्हणजे दुपारी १२ वाजता.

इथं हुशार पोरं वेगळीच चूक करतात. दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे त्यांच्या मसावि आणि लसाविचा गुणाकार, हा नियम त्यांना येतो. तो ते तीन संख्यांना लावतात. १२, १५, १८ चा गुणाकार ३२४०, मसावि ३, भागून आले १०८० मिनिटं. म्हणजे १८ तास, पहाटेचे ३! तेव्हा घंटा एकत्र वाजतील हे खरंच आहे, पण त्याआधी त्या पाच वेळा एकत्र वाजून गेलेल्या असतील. झालं काय, तर गुणाकारात ३ हा अवयव चारदा आणि २ तीनदा आला. लसाविला दोन्ही दोनदोनदाच हवेत. मसाविनं भागून एकच ३ गेला. एक ३ आणि एक २ जास्तीचे राहिले, म्हणून उत्तर सहापट झालं. हा नियम दोन संख्यांपुरताच आहे.

आणि परीक्षक पुढचा प्रश्न हमखास विचारतो: सकाळी ९ पासून दुपारी ३ पर्यंत तिन्ही घंटा किती वेळा एकत्र वाजल्या? सहा तास भागिले तीन, दोन, असं लिहून पोरं पान उलटतात. पण ९ ला वाजल्या, १२ ला वाजल्या आणि ३ ला वाजल्या. तीन वेळा. प्रश्नात '९ नंतर' असं असेल तरच दोन.

नमस्कार.