उशीवरचं ऊन: होमस्टेच्या रीलची तीस सेकंदं

(दृश्य: अंधारी खोली. पडद्याच्या कडेने फिकट निळा उजेड.)

डोंगर, धुकं, झाडांवरून जाणारा ड्रोन. या दृश्यांवर कुठल्याही होमस्टेचं नाव टाकलं तरी चालतं, तीच त्यांची अडचण आहे. वीकेंडची जागा शोधणाऱ्याला विचारायचं असतं: मी झोपणार कुठे, उठल्यावर समोर काय दिसणार आणि खायला काय मिळणार?

म्हणून आपला कॅमेरा गच्चीवर नाही, पलंगावर आहे, उशीच्या उंचीवर. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीच तो लावून ठेवलाय. विषुववृत्ताच्या जवळपास सूर्यबिंब पूर्ण वर यायला जेमतेम दोन मिनिटं लागतात, तेव्हा धावपळ करायला वेळ नसतो. उजेड वाढला की मोबाइल आपणहून एक्सपोजर बदलतो आणि खोली मध्येच काळवंडते. बहुतेक फोनमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की ते लॉक होतं. लॉक करताना बोट उशीवर ठेवायचं. खिडकीबाहेरचं आकाश पांढरं पडलं तर पडू दे, आपण खोली दाखवतोय.

(दृश्य: ऊन उशीच्या कडेला टेकतं.)

इथे रीलची पहिली ओळ येते: “डिसेंबरात इथे पहिलं ऊन उशीवर येतं.” महिना मुद्दाम सांगितलाय. सूर्य नेमका पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो. एरवी त्याची जागा उत्तर-दक्षिण सरकत राहते. जूनमध्ये हेच ऊन कदाचित समोरच्या भिंतीवर पडेल, आणि रील पाहून आलेला पाहुणा ते उशीवर शोधत बसेल. त्याला असं फसवू नये.

(दृश्य: स्वयंपाकघर. ताटातून वाफ.)

गरम जेवण दाखवायचं तर वाफ दिसली पाहिजे. समोरून दिवा मारला की ती नाहीशी होते. ऊन मागून हवं आणि ताटामागे काळोखी जागा हवी. वाफ थोड्याच वेळात विरते, म्हणून आधी रिकामं ताट ठेवून फ्रेम ठरवायची, मगच वाढायला सांगायचं. या तुकड्यात संगीत नाही, फक्त वाढण्याचा आवाज. ओळ एकच: “तुम्ही बसलात की मगच वाढतात.” घरात खरंच तसं होत असेल, तरच ही ओळ ठेवायची.

(दृश्य: दारातून दिसणारी खोली.)

वाइड लेन्सने छोटी खोली दालनासारखी दिसते, आणि पाहुण्याची निराशा दारातच सुरू होते. साधी लेन्स घ्या, दारात उभे राहा. मग जवळून पलंगाशेजारचा प्लग, घडी घातलेलं पांघरूण, बाथरूमचा नळ. “प्लग हाताशी. गरम पाणी सकाळी.” एवढं पुरे.

निवेदनात सेकंदाला सुमारे दोन शब्द बसतात, म्हणजे तीस सेकंदांत साठ. या संहितेत त्याहून बरेच कमी आहेत. “निसर्गरम्य” आणि “अविस्मरणीय” आधी काढले. त्यांच्या जागी वाढण्याचा आवाज ऐकू येतो.