कितवा ते आधी विचारा: बैठक क्रमांकावरून जी.आर. क्रमांक काढताना

(तालुक्यातल्या माध्यमिक शाळांच्या लिपिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दहावीचा निकाल लागला की पुढचे चार दिवस आपल्या कार्यालयात काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. गुणपत्रिका यायच्या असतात आणि पालक दाखल्यासाठी दारात उभे असतात. निकालाची यादी हातात असते, पण तिच्यात मूल ओळखलं जातं ते बैठक क्रमांकानं. आपला दाखला निघतो जनरल रजिस्टरच्या क्रमांकावर. म्हणजे बैठक क्रमांकावरून जी.आर. क्रमांक काढायचा. एवढंच काम, पण १३२ मुलांचं.

आता आपली नोंदणीची एक्सेल शीट डोळ्यांसमोर आणा. पहिला कॉलम जी.आर. क्रमांकाचा, कारण रजिस्टरच तसं असतं. मग नाव, मग तुकडी. बैठक क्रमांक येतो वर्षाच्या शेवटी, प्रवेशपत्रांबरोबर, म्हणून त्याला जागा मिळते सगळ्यात उजवीकडे. ही कोणाची चूक नाही, कागदं ज्या क्रमानं आली त्या क्रमानं कॉलम वाढले. पण ज्यावरून शोधायचं ते उजवीकडे आणि जे हवं ते डावीकडे, अशी गाठ पडते, आणि इथेच `VLOOKUP` हात वर करतो.

`VLOOKUP`चा नियम एकच: तुम्ही दिलेल्या पट्ट्यातला पहिला कॉलम तो तपासतो आणि तिथून उजवीकडे मोजतो. आमच्या एका सहकाऱ्यानं डावीकडे जायचं म्हणून कॉलम क्रमांकाच्या जागी उणे तीन टाकून पाहिलं. कल्पना वाईट नव्हती, उत्तर मात्र `#VALUE!` आलं. मग बहुतेक जण करतात ते आपणही करतो: बैठक क्रमांकाचा कॉलम कॉपी करून जी.आर.च्या डावीकडे आणून ठेवतो. काम होतं. पण मग एकाच शीटमध्ये बैठक क्रमांक दोनदा, आणि नंतर कोणी एका जागी दुरुस्ती केली की दुसरी जागा जुनीच राहते. मला हा उपाय पटत नाही.

त्यापेक्षा शोधणं आणि आणणं ही दोन कामं वेगळी करा. मराठीत आपल्याकडे एक छान शब्द आहे, ‘कितवा’. `MATCH` एवढंच सांगतो: हा बैठक क्रमांक या यादीत कितवा? आणि `INDEX` सांगतो: या दुसऱ्या यादीत तितक्याव्या जागी काय आहे? दुसरी यादी डावीकडे आहे की उजवीकडे, याच्याशी दोघांनाही काही देणंघेणं नाही.

पाच मुलांवर करून पाहू. क्रमांक मी बनवलेले आहेत. शीटचं नाव `Nondani`, आणि पहिल्या ओळीत शीर्षकं.

```
ओळ   A (जी.आर.)   D (बैठक क्र.)
2     4127         C041210
3     4131         C041186
4     4098         C041203
5     4140         C041191
6     4112         C041199
```

निकालाच्या शीटमध्ये `A2`त C041191 आहे. आधी नुसता `MATCH` लिहा:

```
=MATCH(A2,Nondani!$D$2:$D$6,0)
```

उत्तर येईल 4. पाच नाही. मूल शीटच्या पाचव्या ओळीत आहे, पण आपण मोजायला सुरुवात दुसऱ्या ओळीपासून केली, म्हणून यादीत ते चौथं. हा फरक मनात पक्का ठेवा, थोड्या वेळानं लागेल. आता तो चार `INDEX`च्या हाती द्या:

```
=INDEX(Nondani!$A$2:$A$6,MATCH(A2,Nondani!$D$2:$D$6,0))
```

आला 4140. डॉलरची चिन्हं विसरू नका. फॉर्म्युला खाली ओढताना `A2`चा `A3` व्हायला हवा, पण नोंदणीची यादी जागची हलता कामा नये.

आता माझी फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं, १३२ मुलांसाठी, पण घाईत `INDEX`मध्ये `$A$1:$A$133` पकडलं आणि `MATCH`मध्ये `$D$2:$D$133`. एकात शीर्षकाची ओळ आली, दुसऱ्यात नाही. एक्सेलनं कुरकुर केली नाही. कुठेही लाल खूण नाही, `#N/A` नाही, एक सोडून सगळ्या रकान्यांत चांगले चार आकडी जी.आर. क्रमांक. फक्त पहिलं मूल सोडून प्रत्येकाला रजिस्टरमधल्या त्याच्या वरच्या मुलाचा क्रमांक मिळाला होता. आपल्या उदाहरणात C041191ला 4140ऐवजी 4098 मिळेल, कारण `A1`पासून मोजलं तर चौथं म्हणजे `A4`. `MATCH`नं ‘चौथा’ म्हटलं ते खरंच होतं. पण कुठून चौथा, हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

अकरा दाखले छापून झाल्यावर एका पालकांनी जन्मतारीख चुकीची असल्याचं दाखवलं. तोवर मला वाटत होतं, एकाच दाखल्यात टंकलेखनाची चूक असेल.

ही चूक ओळखायची खूण एकच आहे आणि ती मला तेव्हा माहीत असती तर बरं झालं असतं. नोंदणीत ज्याचं नाव सगळ्यात वर आहे, ते मूल निकालात शोधा. त्याच्या समोर क्रमांकाऐवजी ‘जी.आर. क्रमांक’ हे शीर्षकच उमटलेलं दिसेल. उलट चूक झाली असेल, म्हणजे `MATCH`मध्ये शीर्षक धरलंय आणि `INDEX`मध्ये नाही, तर शेवटच्या मुलासमोर `#REF!` येईल, कारण यादी संपल्यावरची जागा मागितली. मधली सगळी उत्तरं दोन्ही वेळा गोंडस आणि चुकीची. म्हणून पहिलं आणि शेवटचं मूल आधी तपासा, मधलं नंतर.

आता मी पूर्ण कॉलमच देते:

```
=INDEX(Nondani!$A:$A,MATCH(A2,Nondani!$D:$D,0))
```

दोन्हीकडे मोजणी पहिल्या ओळीपासून, त्यामुळे घसरायला जागाच नाही. शिवाय उशिरा आलेलं मूल १३४व्या ओळीत भरलं तरी फॉर्म्युल्याला हात लावावा लागत नाही. शेजारच्या रकान्यात `$A:$A`च्या जागी `$B:$B` घालून नावही आणा आणि निकालातल्या नावाशी नजरेनं ताडून पाहा. मी आता नाव आणल्याशिवाय छपाईला देत नाही.

चूक होण्याची दुसरी जागा म्हणजे `MATCH`मधला तो शेवटचा शून्य. तो लिहिला नाही तर काय होतं, हे विचारलं तर बरेच जण म्हणतात, ‘एरर येईल.’ आली असती तर बरं. शून्य वगळला की `MATCH` असं धरतो की यादी चढत्या क्रमानं लावलेली आहे, आणि मग तो शब्दकोशात शब्द शोधल्यासारखा मधूनच उघडतो. आपल्याच पाच ओळींत C041210 शोधू. मधली ओळ तिसरी, तिथे C041203. आपला क्रमांक त्याहून मोठा, म्हणजे पुढे असणार, असं समजून वरच्या दोन ओळी त्यानं सोडल्या. खालच्या दोन्ही लहानच निघाल्या. मग शेवटची लहान ती बरोबर, असं धरून उत्तर 5, म्हणजे जी.आर. 4112. खरं मूल पहिल्याच जागी, 4127 वर बसलंय, पण तिकडे तो फिरकलाच नाही. बैठक क्रमांक वर्णानुक्रमे दिले जातात आणि रजिस्टर प्रवेशाच्या क्रमानं असतं, त्यामुळे आपली ही यादी चढत्या क्रमानं असण्याची शक्यता जवळपास नसतेच.

शून्य घातल्यावर `#N/A` आला तर वैतागू नका, तो प्रामाणिक आहे. क्रमांक डोळ्यांना दोन्हीकडे सारखाच दिसतोय आणि तरी सापडत नाही, असं झालं तर दोन्ही रकान्यांवर `LEN` लावा. एक अक्षर आणि सहा आकडे म्हणजे 7 यायला हवेत. 8 आले तर कुठेतरी मोकळी जागा चिकटली आहे. वेबपेजवरून कॉपी केलेल्या यादीत ती जागा कधीकधी नेहमीच्या स्पेसबारची नसते आणि `TRIM`नं जात नाही. तिचा क्रमांक 160 असतो. दोन्ही प्रकारच्या जागा एकदम काढायच्या तर:

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2,CHAR(160),"")," ","")
```

C आणि 041191च्या मध्ये कोणी जागा सोडली असेल तर तीही यात जाते. लहान c, मोठा C याची काळजी नको, `MATCH` दोन्ही एकच मानतो.

कोणीतरी मघाशी `XLOOKUP` विचारलं. हो, तो डावीकडे सरळ पाहतो आणि लिहायलाही सोपा आहे. पण तो एक्सेल २०२१ व त्यापुढच्या आवृत्त्यांत किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५मध्येच मिळतो. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या २०१६च्या एक्सेलवर फाईल उघडली की फॉर्म्युल्यात `_xlfn.` दिसतं आणि हिशेब पुन्हा झाला की `#NAME?`. ज्या शाळेत सगळे संगणक नवे आहेत त्यांनी खुशाल वापरावा.

शेवटचं, आणि हे खास आपल्या खात्यातलं. बैठक क्रमांकाऐवजी काही जण सरलचा विद्यार्थी क्रमांक धरून शोधतात. तो १९ आकडी आहे. एक्सेल संख्येतले पहिले १५ आकडेच सांभाळतो आणि पुढचे चार गुपचूप शून्य करतो. आता त्या क्रमांकाची रचना आठवा: सुरुवातीला वर्ष, मग शाळेचा ११ आकडी यू-डायस, आणि मुलाचा स्वतःचा अनुक्रम शेवटच्या चारांत. म्हणजे नेमकं मुलाचंच ते पुसलं जातं. एका वर्षी एका शाळेत नोंदलेली सगळी मुलं एकाच क्रमांकाची होतात, आणि सारखे अनेक असले की `MATCH` पहिल्यावरच थांबतो. सगळ्या वर्गाला एकाच मुलाचा जी.आर. क्रमांक आलेला दिसला तर फॉर्म्युला तपासत बसू नका. क्रमांकाच्या रकान्यावर टिचकी मारा आणि वरच्या पट्टीत शेवटी 0000 आहे का ते पाहा.

असेल तर तो कॉलम टेक्स्ट करून काही उपयोग नाही, गेलेले आकडे परत येत नाहीत. सरलवरून फाईल पुन्हा उतरवायची, सीएसव्ही असेल तर तिच्यावर डबल क्लिक करून उघडायची नाही, रिकाम्या एक्सेलमध्ये डेटा टॅबमधून आत घ्यायची आणि त्या कॉलमचा प्रकार आत येण्याआधीच टेक्स्ट निवडायचा. मग `LEN` 19 दाखवतो की नाही ते पाहून पुढे जायचं.