गटात न बसणारा घटक: २० की ५४?

फळ्यावर चार संख्या लिहिल्यात: १२, २०, ४२, ५४. गटात न बसणारी ओळखा. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटही मिळत नाही. तेवढ्याच वेळात सांगा.

मागच्या रांगेतून २० आलं, इकडून ५४ आलं. दोघांनाही कारण विचारतो. २० म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की बाकीच्या तिन्हींना ३ ने भाग जातो, २० ला जात नाही. बरोबर आहे. ५४ म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की १२ म्हणजे ३ × ४, २० म्हणजे ४ × ५, ४२ म्हणजे ६ × ७. तिन्ही लागोपाठच्या दोन संख्यांचे गुणाकार आहेत आणि ५४ तसा नाही. हेही बरोबर. आता उत्तरतालिकेत काय असेल?

वर्गीकरणाच्या प्रश्नाची सगळी गोम इथे आहे, म्हणून आज मी या एकाच प्रश्नावर रेंगाळणार आहे. आधी एक सवय सोडा. आपण वेगळा कोण ते शोधत बसतो, आणि वेगळेपण शोधलं की सगळेच वेगळे निघतात. २० ला ५ ने भाग जातो, दुसऱ्या कुणाला नाही. ४२ एकटी ७ च्या पाढ्यातली. ५४ एकटी ९ च्या पाढ्यातली. १२ बिचारी साधी दिसते, पण ३६ ला पूर्ण भाग देणारी तीच एकटी. घ्या, चारही उत्तरं तयार! सातोसी वातानाबे या जपानी शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये हेच गणिताने मांडलं होतं: सगळे गुण सारख्याच मोलाचे धरले तर कुठल्याही दोन वस्तूंमधलं साम्य सारखंच भरतं. म्हणजे काही गुणांना जास्त वजन दिल्याशिवाय वर्गीकरण होतच नाही. परीक्षेत ते वजन कशाला द्यायचं, एवढाच आपला प्रश्न.

पहिली चाळणी सोपी आहे. गुण तिघांत हवा. ‘एकट्या २० ला ५ ने भाग जातो’ हे एकाचं वर्णन झालं, तिघांचं नातं नव्हे. ‘बाकीच्या तिघांना ५ ने भाग जात नाही’ असं उलटं करून सांगितलं तरी नातं तयार होत नाही, कारण नसणं हे काही नातं नाही. या चाळणीत बहुतेक उत्तरं गळतात. उरतात ती ‘३ ने भाग’ आणि ‘लागोपाठच्या संख्यांचा गुणाकार’ ही दोन.

दुसरी चाळणी अशी, की हा गुण तिघांत योगायोगाने येण्याची शक्यता किती? १ ते ९९ च्या चिठ्ठ्या करा आणि डोळे मिटून चार उचला. नेमक्या तिघींना ३ ने भाग जातोय, असं साधारण दहा खेपांत एकदा होईल. नेमक्या तीन सम आणि एक विषम, हे तर चारांत एकदा. आता लागोपाठच्या संख्यांचे गुणाकार बघा. शंभराच्या आत ते नऊच आहेत: २, ६, १२, २०, ३०, ४२, ५६, ७२, ९०. चारांतल्या नेमक्या तीन चिठ्ठ्या यातल्या निघणं सुमारे पाचशे खेपांत एकदा घडेल. जे पाचशेत एकदा घडतं ते समोर दिसलं, तर ते कुणीतरी मुद्दाम मांडलंय असं समजावं. प्रश्न काढणाऱ्याने हे गुणाकार मनात धरूनच संख्या निवडल्या. ३ चा भाग त्याच्या नकळत आत शिरला. म्हणून उत्तर ५४.

तो आत कसा शिरला, हेही बघण्यासारखं आहे. लागोपाठच्या दोन संख्यांपैकी एक जरी ३ च्या पाढ्यातली असली तरी गुणाकाराला ३ ने भाग जातो. म्हणजे हे गुणाकार ओळीने लिहिले की दर तिघांत दोघांना भाग जाणार. २, २०, ५६ असे अधलेमधले तेवढे सुटतात. प्रश्न काढणाऱ्याने नेमका त्यातला २० उचलला आणि गटात न बसणारा म्हणून ३ ने भाग जाणारा ५४ ठेवला. त्याऐवजी ५८ ठेवला असता तर ३ ने भाग जाणाऱ्या दोन आणि न जाणाऱ्या दोन, अशी वाटणी होऊन तो रस्ता बंद झाला असता. दोन-दोन अशी वाटणी झाली की तो गुण उत्तराच्या कामाचा राहत नाही.

हे गुणाकार ओळखायचे कसे? संख्येच्या खालचा जवळचा वर्ग घ्या. ५४ च्या खाली ४९, म्हणजे ७ चा वर्ग. ७ × ८ किती? ५६. ५४ आले नाहीत, विषय संपला. पाच सेकंदांचं काम आहे.

संख्यांच्या प्रश्नांत योजलेला गुण बहुतेक वेळा ठरलेल्या घराण्यातला असतो: वर्ग, घन, वर्गात एक मिळवलेला किंवा वजा केलेला, मूळसंख्या, किंवा अंकांचं आपापसातलं नातं. मूळसंख्यांत फसगत ठरलेलीच. शंभराच्या आत २, ३, ५ ने भाग जाणाऱ्या संख्या बाजूला काढल्या, की मूळसंख्येचा आव आणणाऱ्या तीनच उरतात: ४९, ७७ आणि ९१. पहिल्या दोन सातच्या पाढ्यात लगेच दिसतात. ९१ म्हणजे ७ × १३, ती भल्याभल्यांना चकवते. ५१, ५७ आणि ८७ अंकांची बेरीज केली की पकडल्या जातात.

शब्दांतही चाळण्या ह्याच. वाई, कराड, सांगली, पंढरपूर. घाईत हात सांगलीवर जातो, कारण जिल्ह्याचं ठिकाण तेवढं एकच. पण मग बाकीच्या तिघांचं नातं काय, तर ‘जिल्ह्याचं ठिकाण नाही’. असली गावं महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. उलट वाई, कराड आणि सांगली तिन्ही कृष्णाकाठची, पंढरपूर भीमेकाठी. इतका नेमका धागा आपोआप जुळत नाही.

गाजर, मुळा, रताळे, बटाटा हे आणखी एक नेहमीचं गिऱ्हाईक. चारही भाज्या, चारही जमिनीखाली वाढतात, म्हणजे वरवरच्या पातळीवर काहीच हाती लागत नाही. तेव्हा एक पायरी खाली उतरायचं. पहिली तीन मुळं आहेत, बटाटा हे खोड. त्याच्यावरचे डोळे म्हणजे खोडावरचे कोंब. शब्दांच्या प्रश्नात ही उतरंड पक्की ठेवा: आधी जात, मग काम किंवा ठिकाण, मग रचना.

कुणीतरी विचारलंय की दोन्ही गुण सारखेच दुर्मीळ निघाले तर? तर प्रश्नच सदोष आहे. परीक्षेत एक पर्याय रंगवून पुढे चला. पहिली उत्तरतालिका आली की हरकत नोंदवा, पण ‘माझं उत्तर बरोबर आहे’ एवढंच लिहू नका. तालिकेतलं उत्तर कुठल्या नियमाने येतं ते आधी मांडा, मग तुमचा नियम मांडा, आणि दोन्ही नियम तीन-तीन पर्यायांवर लावून दाखवा. अशा हरकतीवर प्रश्न रद्द होऊ शकतो. नुसत्या तक्रारीवर सहसा होत नाही.