पायाचा अंगठा वाकत नाही? मऊ चप्पल घेण्याआधी हे बघा

नमस्कार. टाचदुखीच्या व्हिडिओखाली गेले दोन महिने एकच प्रश्न सारखा येतोय: "मॅडम, टाच नाही, अंगठा दुखतो. चालताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि अंगठा वर उचलतच नाही." म्हणून आज फक्त त्यावर बोलते.

नाव सांगून मोकळी होते. याला डॉक्टर हॅलक्स रिजिडस म्हणतात. अंगठा जिथे पावलाला जोडलेला असतो, त्या सांध्यातली कूर्चा झिजते, वरच्या बाजूला हाडाचा उंचवटा वाढतो आणि अंगठा वर जायला लागला की तिथे अडतो. दार उघडताना मागे वीट ठेवलेली असावी, तसं.

हे युरिक ॲसिडचं दुखणं आहे का, हे अनेकजण विचारतात. युरिक ॲसिडचा झटका बहुतेक वेळा अचानक, रात्रीतून येतो. सांधा लालभडक, गरम होतो, अंगावरची चादरसुद्धा टेकवत नाही आणि काही दिवसांत उतरतो. आपलं दुखणं मात्र हळूहळू, वर्षानुवर्षं वाढतं आणि चाललं की जास्त होतं. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलून आतल्या बाजूला गाठ आली असेल, तर ती वेगळी तक्रार. इथे अंगठा सरळच असतो, गाठ वरच्या बाजूला हाताला लागते.

घरी बघायचं असेल तर खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर सपाट ठेवा, टाच उचलू नका आणि हाताने अंगठा वर उचला. नंतर दुसऱ्या पायाचा उचला. निरोगी अंगठा साधारण 65 ते 75 अंश वर जातो. तुमचा जेमतेम 20-25 अंशांवर थांबला आणि शेवटी वरच्या बाजूला टोचलं, तर डॉक्टरांकडून उभं राहून काढलेला एक्स-रे करून घ्या.

आता मुद्द्याचं. (हातात मऊ चप्पल घेऊन) ही बघा. एमसीआरची चप्पल. टाचदुखीवाल्यांना मी स्वतः ही सुचवली आहे. पण अंगठा दुखतो म्हणून लोक हीच घेतात, दुकानदारही "मऊ घ्या काकू, पायाला आराम पडेल" म्हणतो, आणि दुखणं वाढतं. का? पाऊल पुढे टाकताना मागचा पाय टाच उचलतो, सगळा भार चवड्यावर येतो आणि चप्पल बरोबर बोटांच्या रेषेत दुमडते. (चप्पल दुमडून दाखवते) चप्पल दुमडली की अंगठ्याला दुमडावंच लागतं. तो दुमडणार कुठून? वाट अडलेली आहे! म्हणजे प्रत्येक पावलाला हाड हाडावर आपटतं.

तुम्हाला हवा आहे कडक तळ. आतून पायाला लागणारा थर मऊ असू दे, मी मऊपणाच्या विरोधात नाही. पण खालचा तळ दुमडता कामा नये.

माझ्याकडे आलेल्या एका काकूंचं सांगते. वय 56, रोज सकाळी बागेत फिरायला जाणाऱ्या. युरिक ॲसिडची तपासणी ठीक आली होती, तरी कुणीतरी सांगितलं म्हणून दोन महिने डाळ सोडलेली. अंगठा दुखतो म्हणून कॅनव्हासचे पातळ बूट आणि घरात मऊ स्लिपर. शिवाय रोज रात्री तेल लावून अंगठा जोर लावून वर वाकवायच्या, "मोकळा करायला". पंधरा मिनिटं चाललं की थांबावं लागायचं. त्यांचं पाऊल बघितलं तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. अंगठ्यावर भार नको म्हणून त्या पायाच्या बाहेरच्या कडेवर चालत होत्या. तिथे जाड घट्टा पडला होता आणि गुडघाही बोलायला लागला होता. पहिल्यांदा मी ते जोर लावून वाकवणं बंद करायला सांगितलं. वर हाड वाढलेलं असताना ओढून वाकवलं तर सांधा मोकळा होत नाही, सुजतो. तेल लावायचं तर लावा, दुखणार नाही इतपतच हलवा. मग बूट बदलले. सहा आठवड्यांनी त्या चाळीस मिनिटं सलग चालत होत्या. अंगठा अजूनही तेवढाच वाकतो. बदललंय काय, तर त्याला वाकावंच लागत नाही.

मग वाकल्याशिवाय पाय पुढे जातो कसा, असं एका दादांनी फार छान विचारलंय. (बूट टेबलावर ठेवून) हा बूट बघा. पुढचं टोक जमिनीपासून बोटभर वर आहे आणि तळ पुढे गोलाकार उचललेला. टोकावर दाबलं की आख्खा बूट डोलखुर्चीसारखा पुढे कलतो. अंगठ्याने वाकायचं काम बूट करतो. अशा तळाला रॉकर सोल म्हणतात. दुकानात दोन गोष्टी करा. एका हाताने टाच, दुसऱ्याने टोक धरून जोर लावा, बूट मधून किंवा बोटांपाशी दुमडला तर परत ठेवा. आणि टेबलावर ठेवून टोक दाबा, डोलतो का बघा. बोटांवरची जागा उंच आणि मऊ हवी, नाहीतर उंचवट्यावर घासतं. लेसचं भोक बरोबर उंचवट्यावर येत असेल तर तेवढं एक भोक सोडून लेस ओवा.

आहे तोच बूट वापरायचा असेल तर आतल्या सोलखाली घालायची कार्बन फायबरची पातळ कडक पट्टी मिळते. तिने बूट आतून घट्ट होतो, तेव्हा सैल बुटातच घाला. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर ती स्वतःच्या मनाने घालू नका, जखम झालेली कळत नाही.

आता घरातलं. आपण फरशीवर अनवाणी वावरतो आणि अनवाणी पायाला तर काहीच आधार नाही. कमेंटमध्ये एक ताई रागावल्या होत्या, "घरात चप्पल? माझ्या सासूबाईंना चालणार नाही." मी समजू शकते. घरापुरता वेगळा, कडक तळाचा जोड ठेवा, देवघरापाशी काढा. पण ओट्यापाशी तासभर उभं राहताना तो पायात असू दे. उंच टाचेची चप्पल मात्र नकोच, तिच्यात अंगठा सतत वाकलेलाच राहतो.

सूर्यनमस्कार सोडायचे का? नाही. पाय मागे नेल्यावर बोटं जमिनीत रोवून जोर देतो, तिथे अंगठा सर्वांत जास्त वाकतो. तेवढ्या स्थितीत गुडघा टेकवा आणि पावलाची वरची बाजू जमिनीला लावा. जिना चढताना फक्त चवडा नाही, आख्खं पाऊल पायरीवर ठेवा.

काही महिने हे करूनही रात्री ठणका लागत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा. सुरुवातीच्या टप्प्यात वरचं वाढलेलं हाड छाटतात. सांधा पूर्ण झिजला असेल तर तो कायमचा जोडून टाकतात. हे ऐकून लोक दचकतात, पण बघा, सर्जन मुद्दाम सांधा वाकायचा बंद करतात आणि त्याने दुखणं जातं, माणसं नीट चालतात. कडक तळाचा बूट तेच काम बाहेरून करतो. म्हणून ऑपरेशनच्या चौकशीला जाण्याआधी पायातला जोड काढा, दोन्ही हातांत धरा आणि दुमडून बघा.