तंबाखूचं पाणी, साबण आणि कुत्र्याचा पाण्याचा वाडगा

बादलीतलं हे तपकिरी पाणी बघा, कोऱ्या चहासारखं दिसतंय ना. रात्रभर भिजवलेली तंबाखूची पानं, सकाळी फडक्यातून गाळली, वर थोडा लिक्विड साबण टाकला, की झाडांवरच्या माव्यावर मारायचा "नैसर्गिक" स्प्रे तयार. आणि खरं सांगायचं तर मावा मरतोही. निकोटीन किड्यांच्या नसांवर जिथे काम करतं तिथेच ते आपल्याही नसांवर करतं, म्हणून तर हा सगळा घोळ आहे.

आता थोडा हिशोब करू. समजा 50 ग्रॅम सुकी पानं एक लिटर पाण्यात भिजवली आणि पानांत 2 टक्के निकोटीन आहे असं धरलं, तर एकूण झालं 1000 मिलिग्रॅम, त्यातलं अर्धंच पाण्यात उतरलं तरी 500. म्हणजे दोन चमचे, साधारण 10 मिली पाण्यात 5 मिलिग्रॅम. पाच किलोच्या कुत्र्याला लक्षणं दिसायला एवढं पुरतं, कारण कुत्र्यांमध्ये किलोमागे 1 मिलिग्रॅमच्या आसपास त्रास सुरू होतो आणि 10 च्या आसपास जीव जाऊ शकतो. बादली अंगणात उघडी राहिली आणि त्याने अर्धा कप चाटलं, तर आपण त्या दुसऱ्या आकड्यापाशी पोचलो. आणि हे 2 टक्केसुद्धा आपण धरलेले, पानापानात फरक असतो, काही जातींमध्ये याच्या कितीतरी पट निकोटीन असतं. घरी बनवलेल्या स्प्रेत ते किती उतरलंय हे बघून किंवा वास घेऊन कळत नाही, सगळा अंदाजपंचे कारभार.

साबणाची गोष्ट तर फार कमी लोकांना माहीत असते. पाणी अल्कधर्मी झालं की निकोटीन मोकळ्या रूपात येतं आणि ते रूप कातडीतून पटकन आत शिरतं. साबण नेमकं हेच करतो. किड्यावर औषध जास्त चालतं ते यामुळेही, पण तोच स्प्रे हातावर ओघळला, पंप पाठीवर गळला, शर्ट ओला झाला, तर तुमच्याही अंगात जास्त जातं. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणारे मजूर तर काही न खातापिताच आजारी पडतात, मळमळ, उलट्या, चक्कर, डोकं दुखणं, आणि ते सगळं कातडीतून गेलेल्या निकोटीनमुळे.

लक्षणं बरेचदा तासाभरातच येतात. तोंडाला खूप लाळ सुटते, घाम, उलटी, हातपाय थरथरतात, छाती धडधडते. जास्त गेलं असेल तर पुढे उलटंच होतं, नाडी मंदावते, अंगातला जोर जातो आणि श्वास अडकायला लागतो. कपडे लगेच काढा, अंग भरपूर वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा. पोटात गेलं असेल तर मुद्दाम उलटी काढायला जाऊ नका, फिट आली तर ती श्वासनलिकेत जाते. आणि ॲसिडिटीची गोळी तर अजिबात देऊ नका, माणसाला नाही, कुत्र्यालाही नाही. पोटातलं ॲसिड निकोटीनला अडवून धरतं, गोळीने ते ॲसिड मारलं की साबणाचाच खेळ पोटात सुरू होतो.

अजून एक भानगड म्हणजे टोमॅटो, मिरची, वांगी. तंबाखूच्या सुक्या पानात मोझॅक व्हायरस वर्षानुवर्षं टिकतो आणि ही सगळी झाडं त्याच कुटुंबातली, म्हणजे मावा मारायला गेलात आणि रोग लावून आलात असं होऊ शकतं. खायच्या पालेभाजीवर तर हा स्प्रे नकोच.

मग करायचं काय? मावा असेल तर आधी नुसता पाण्याचा जोरदार फवारा, तोही पानाच्या खालच्या बाजूला, कारण मावा तिथेच चिकटून बसलेला असतो. खाली पडलेला मावा बहुतेक वेळा परत चढत नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा मारा. पिठ्या ढेकूण असेल तर कापसाच्या बोळ्यावर 70 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन एकेक पुसून काढा, कंटाळवाणं आहे पण कुंडीतल्या झाडाला पुरतं. पसारा जास्त असेल तर लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि 1-2 मिली लिक्विड साबण, नीट हलवून, संध्याकाळी फवारायचं, कारण उन्हात पानं भाजतात आणि दिवसा मधमाश्या फुलांवर असतात. आधी एका पानावर मारून एक दिवस थांबा. हेही पाणी कुत्र्या-मांजरांच्या वाडग्यापासून लांबच ठेवा, पण धोका तंबाखूच्या मानाने खूप कमी.

नीम तेलाने किडे लगेच पटापट पडत नाहीत, त्यांचं खाणं आणि वाढ थांबते, म्हणून आठवड्याने परत मारावं लागतं. लोक दुसऱ्याच दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून परत तंबाखूकडे वळतात. आणि एवढं करून मावा परत येतच असेल तर खोडावर मुंग्यांची रांग आहे का बघा, मुंग्या त्याचा गोड चिकटा खातात आणि बदल्यात मावा खाणाऱ्या लेडीबगला हाकलून लावतात. खोडाला चिकट पट्टी गुंडाळून ती रांग तोडली की लेडीबग परत यायला लागतात आणि बराचसा मावा तेच संपवतात.