माइकला काय दिसतं?

नमस्कार, श्रोतेहो. ऐका हं. (टाळी.) ही मी इथं, या स्टुडिओत वाजवलेली टाळी. वाजली आणि संपली. आता तुमच्या घरात एखादी खोली पूर्ण रिकामी असेल, फक्त भिंती, फरशी आणि छत, तर तिथं मधोमध उभं राहून अशीच एक टाळी वाजवून बघा. टाळी संपते, पण तिच्यामागून एक बारीक ‘टर्रर्र’ ऐकू येतं, जणू कुणी कंगव्याच्या दातांवरून नख फिरवतंय. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये टाळी चेंडूसारखी टोलवली जाते, त्याचा तो आवाज. तो ‘टर्रर्र’ येत असेल, तर त्या खोलीत भाषण, निवेदन किंवा कविता, काहीच रेकॉर्ड करू नका. निदान आज मी जे सांगणार आहे ते ऐकेपर्यंत तरी करू नका.

आपण सरसकट ‘प्रतिध्वनी येतोय’ म्हणतो. पण प्रतिध्वनी म्हणजे आपला शब्द परत, सुटा, वेगळा ऐकू येणं. त्याला डोंगर लागतो किंवा मोठं सभागृह. राहत्या घरातल्या खोलीत भिंत इतकी जवळ असते की परत आलेला आवाज मूळ आवाजाला चिकटूनच येतो. म्हणून खोलीत जे होतं ते घुमणं. आवाज घुमतो. आवाज सेकंदाला साधारण 344 मीटर जातो, म्हणजे लहान खोलीत तो एका सेकंदात शंभराहून जास्त वेळा कुठं ना कुठं आपटतो. आणि गुळगुळीत गिलावा किंवा फरशी दर वेळी त्यातले शंभरातले दोन-तीन भागच गिळते, बाकी सगळं परत फेकते. मग तो विरायला दोन-दोन सेकंद घेतो. दोन सेकंदांत आपण आठ-दहा अक्षरं बोलून जातो. म्हणजे दहावं अक्षर उच्चारताना पहिल्याची शेपटी अजून खोलीत फिरत असते.

हे मला कसं कळलं? फजिती होऊन कळलं. तेच सांगायला मी आज आलेय, खरं म्हणजे.

आम्ही घर बदललं होतं. सामानाचा ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा होता. नव्या घरात मी, माझा धाकटा भाऊ, अंथरुणं-पांघरुणांची मोठी बोचकी आणि एक स्टूल, एवढंच. आणि नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी माझं दहा मिनिटांचं भाषण रेकॉर्ड करून द्यायचं होतं. म्हटलं, काय मोठंसं? शांत घर आहे, रात्र आहे, माइक आहे, लॅपटॉप आहे. माइक स्टुलावर ठेवला, समोर दोन फुटांवर मांडी घालून बसले, आणि अगदी जीव ओतून वाचलं.

मग हेडफोन लावला. श्रोतेहो, ती मी नव्हतेच. कुणीतरी बाई विहिरीत पडली होती आणि आतून शांतपणे भाषण करत होती.

गंमत बघा, वाचताना मला ते जाणवलंच नव्हतं. आपल्याला दोन कान आहेत आणि त्यांच्यामागे मेंदू आहे. आवाज कुठून येतोय हे ओळखून मेंदू भिंतींवरून आलेला पुष्कळसा भाग बाजूला सारतो. एका माइकला ते जमत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचतं ते सगळं तो एकाच पिशवीत भरतो. (न्हाणीघरात गाणाऱ्यांना आपण फार सुरेल आहोत असं वाटतं ना, तो असाच खोलीचा उपकार असतो. माझं तर ठाम मत आहे, ज्याला गाणं शिकायचंय त्यानं न्हाणीघरात गायचंच नाही. असो.)

तर मी काय केलं? सगळे करतात तेच. ‘नॉइज रिडक्शन’ची कळ दाबली. ती कळ कशासाठी असते? पंख्याची घरघर, विजेची गुणगुण, म्हणजे एकसारखा चालू राहणारा आवाज काढण्यासाठी. पण घुमणं हा गोंगाट नाही, ती माझ्याच आवाजाची नक्कल आहे. माझ्याच स्वरांची आणि माझ्याच शब्दांची. यंत्रानं घुमणं काढायला जावं तर त्याच्याबरोबर मीच जाते. दोन-तीनदा ती कळ दाबल्यावर विहिरीतली बाई पाण्याखाली गेली. नुसती बुडबुड.

मग ‘गेट’ लावून बघितलं. गेट म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की दार बंद. त्यानं वाक्यांमधल्या जागा ठार शांत झाल्या, पण शब्दांवर चढलेला घुमारा तसाच राहिला. उलट वाक्य संपलं की शेपटी कुऱ्हाडीनं तोडल्यासारखी. आधीपेक्षा वाईट. आणि ‘कॉम्प्रेसर’ लावल्यावर तर कहरच, कारण तो हळू आवाज वर उचलतो आणि घुमाऱ्याची शेपटी हाच तर हळू आवाज.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. भाऊ म्हणाला, “ताई, पुन्हा वाच की.” म्हटलं, याच खोलीत? तो म्हणाला, “याच खोलीत. पण रजया सोड.”

बोचकी सोडली. चार जाड रजया निघाल्या. दोरी बांधली, त्यावर त्या टांगल्या. कुठं? माझ्या समोर, माइकच्या मागं. मला वाटलं, मी तिकडं तोंड करून बोलतेय, आवाज तिकडंच जाणार, तिथंच अडवावा. वाचलं, ऐकलं. थोडा फरक होता, पण विहीर होतीच.

भाऊ उठला, स्टुलाच्या पलीकडं गेला आणि माइकच्या मागं खाली बसून माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, “ताई, इथून बघ. माइकला काय दिसतंय? तू दिसतेस आणि तुझ्यामागची कोरी भिंत.”

आणि ते खरं होतं. आपण बोलायला वापरतो ते बहुतेक माइक समोरचं नीट ऐकतात आणि पाठीमागून बरेचसे बहिरे असतात. माझ्या रजया त्याच्या बहिऱ्या बाजूला होत्या. त्याच्या कानासमोर, म्हणजे माझ्या पाठीमागं, उघडी भिंत होती. खोलीभर फिरून आलेला आवाज त्या भिंतीवरून थेट त्याच्या कानात जात होता.

रजया हलवल्या. दोन माझ्या पाठीमागं, भिंतीपासून वीतभर पुढं. एक डाव्या बाजूला. एक फरशीवर, स्टूल आणि मी यांच्यामध्ये. गादीही उजव्या भिंतीला उभी केली. आणि दोन फुटांवरचा माइक सहा इंचांवर आणला, तोही तोंडासमोर नाही, किंचित तिरपा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची फुंकर त्यावर बसत नाही. वाचलं. हेडफोन लावला. विहीर नव्हती. खोलीच नव्हती. मी होते.

हे दोन बदल वेगवेगळे ध्यानात ठेवा, कारण लोक एकच करतात आणि निराश होतात. पहिला बदल अंतराचा. माइक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज दुप्पट होतो, सहा डेसिबल. घुमारा मात्र तेवढाच राहतो, कारण तो खोलीभर सारखाच पसरलेला असतो. दोन फुटांचे सहा इंच म्हणजे दोनदा निम्मं. बारा डेसिबलची कमाई, तीही फुकट. दुसरा बदल रजयांचा. नंतर मी हिशेब मांडला. दहा बाय साडेअकरा फुटांची खोली, उंची दहा फूट. रिकामी असताना घुमारा दोन सेकंदांच्या थोडा वर. बारा चौरस मीटर जाड रजई आत आल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आसपास. ढोबळ हिशेब आहे, पण कान तेच सांगत होता.

आणि हा हिशेब ज्यानं शोधून काढला, त्यानंही असंच सामान ओढलं होतं बरं का. वॉलेस सॅबिन, हार्वर्डमधला तरुण भौतिकशास्त्राचा अध्यापक. 1895 साली त्याच्याकडं एक व्याख्यानाची खोली सोपवली, जिच्यात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. तो रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या उशा वाहून आणायचा, ऑर्गनच्या एका नळीतून सूर काढायचा आणि तो विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. मग आणखी उशा, पुन्हा सूर. खोली जितकी मोठी तितका घुमारा लांब, मऊ वस्तू जितक्या जास्त तितका तो आखूड. त्याचं सूत्र आजही वापरतात.

उशा, हं. अंड्यांचे ट्रे नव्हेत. ते पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला चिकटवणाऱ्यांना मी हात जोडते. पातळ पुठ्ठा नावापुरताच आवाज गिळतो, आणि खोली कोंबड्यांच्या खुराड्यासारखी दिसते ती वेगळीच. इंचभर जाडीच्या स्पंजचंही तसंच. तो ‘स’, ‘श’, ‘च’चा चरचरीतपणा खातो आणि आवाजाचा जड भाग तसाच सोडतो. मग आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, बुळबुळीत आणि कोंदट. जड भागाला जाडी लागते, आणि मागं पोकळी लागते. म्हणून रजई भिंतीला चिकटवायची नाही, वीतभर पुढं टांगायची. परत सांगते, वीतभर पुढं.

आता कुणी म्हणेल, माझं रेकॉर्डिंग होऊन गेलंय, वक्ता निघून गेलाय, पुन्हा वाचायला कुणी नाही. तर मग ‘डी-रिव्हर्ब’ नावाचं साधन असतं, ते नॉइज रिडक्शनपेक्षा वेगळं. ते प्रत्येक शब्दामागची विरत जाणारी शेपटी ओळखून ती दाबतं. कामाचं आहे, पण ते हळूहळू वाढवा, आणि ‘स’ला पत्र्याचा आवाज यायला लागला किंवा शब्दांचे शेवट गिळले जायला लागले की दोन पावलं मागं या. थोडी खोली ऐकू आली तरी चालते. पत्र्याची बाई कुणाला ऐकवत नाही. आणि कॉम्प्रेसर लावायचाच असेल तर त्याच्यानंतर, हलक्या हातानं.

तर त्या रात्री एक वाजता मी रेकॉर्डिंग पाठवून दिलं. सकाळी, ज्यांच्याकडं ते पाठवलं होतं त्या ध्वनिमुद्रकांचा फोन आला. म्हणाले, “आवाज छान आहे, खोली अजिबात जाणवत नाही. फक्त चौथ्या मिनिटापासून मागं काहीतरी घासल्यासारखं येतंय. फर्निचरचं काम चालू होतं का?”

मी पुन्हा ऐकलं. फर्निचर कुठलं? शेजारच्या खोलीत भाऊ झोपला होता, फरशीवर, कारण गादी आणि रजया सगळ्या माझ्याकडं. दार उघडं होतं. आधी घुमाऱ्यात त्याचं घोरणं बुडून गेलं असतं, आता ते स्वच्छ, सुटं, श्वासागणिक ऐकू येत होतं. रजई खोलीतला आवाज गिळते, श्रोतेहो, बाहेरचा थांबवत नाही. त्याला बंद दारच लागतं.

मी त्याला उठवलं, दार लावलं, आणि चौथ्यांदा वाचायला बसले.